गेटवरचा कॅमेरा सगळ्यांचा, मग एकच पासवर्ड अकरा जणांच्या खिशात का?

परवा लिफ्टशेजारच्या बोर्डावर आमच्या सोसायटीची नवी नोटीस लागली. अंधेरी पूर्वेतली साधी सात मजली इमारत आहे आमची, नाव सांगत नाही, कारण हे वाचताना तुम्हाला तुमचीच इमारत आठवेल याची खात्री आहे.

नोटीस अशी: "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मुख्य प्रवेशद्वारावरील कॅमेऱ्याचे चित्रण मोबाईलवर पाहण्याची सुविधा समितीचे नऊ सदस्य, सुरक्षा एजन्सीचे सुपरवायझर व कॅमेरा बसविणारे तंत्रज्ञ यांस देण्यात आली आहे. लॉगिन सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी संबंधितांची राहील. इतर सभासदांनी मागणी करू नये."

म्हणजे एकूण अकरा जण. मी सेक्रेटरींना विचारलं, "साहेब, अकरा जणांची अकरा लॉगिन आहेत का?" ते हसले. "अहो, एकच आहे. admin. पासवर्ड समितीच्या ग्रुपवर टाकलाय." पासवर्ड काय असेल याचा अंदाज मला पहिल्याच प्रयत्नात आला. इमारतीचं नाव आणि पुढे 123. तुमच्याकडेही तोच असेल, पैज लावतो.

आता यात एवढं भांडण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही आमच्याच गेटवरच्या.

पहिली गोष्ट. तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते. सीप्झमध्ये रात्रपाळी करते. एका शनिवारी इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो आला. गेटवर गाडीतून उतरतानाचा, कोपऱ्यात वेळ 2:40. खाली ओळ, "रोज कोण सोडायला येतं?" दहा मिनिटांत तो मेसेज उडाला, पण तोवर दीडशे लोकांनी पाहिला होता. टाकणारे काका म्हणाले, मला फॉरवर्ड आला. मग मूळ फोटो काढला कुणी? डीव्हीआरची नोंदवही उघडली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून सतरा वेळा लॉगिन झालेलं. सतराही वेळा नाव एकच: admin. बरं, इंटरनेटचा पत्ता तरी दिसेल म्हणून पाहिलं, तर तिथेही बहुतेक ठिकाणी 127.0.0.1. कंपनीच्या सर्व्हरमार्फत, म्हणजे क्यूआर कोड स्कॅन करून जोडलेल्या अ‍ॅपमधून कुणी आलं की बऱ्याच डीव्हीआरमध्ये असाच पत्ता पडतो. त्याचा अर्थ "मी स्वतःच". थोडक्यात, यंत्र सांगतंय की कुणीतरी आत आलं होतं. कोण, ते कायमचं गेलं.

आणि एक लक्षात घ्या. मोबाईलच्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढला तर त्याची नोंद डीव्हीआरमध्ये होतच नाही. लॉगिन झाल्याचं कळतं, फोटो काढल्याचं कळत नाही. म्हणून "गैरवापर करू नये" अशी ओळ नोटिशीत लिहून काही होत नाही. पाहणारे कमी असणं आणि प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असणं, एवढा एकच बांध आपल्या हातात आहे.

त्या मुलीने आता ऑफिसच्या गाडीला कोपऱ्यावरच थांबायला सांगितलंय. रात्री पावणेतीनला ती तिथून चालत येते, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून. सुरक्षेसाठी बसवलेल्या कॅमेऱ्याने एका बाईला अंधारातून चालायला लावलं. हा आपल्या सुरक्षेचा हिशेब.

दुसरी गोष्ट स्कूटरची. पहिल्या मजल्यावरचं कुटुंब गणपतीला गावी गेलं. दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांनी फोन केला, गाडी जागेवर नाही. समितीतल्या तिघांनी मोबाईलवर मागचं चित्रण पाहिलं. चोर गाडी ढकलत नेताना स्पष्ट दिसला. एकाने मोबाईलवरच पडदा रेकॉर्ड केला आणि ग्रुपवर टाकला. सगळे म्हणाले, वा, कॅमेऱ्याचा फायदा झाला. चौदाव्या दिवशी कुटुंब परत आलं, तक्रार झाली, पोलिसांनी मूळ चित्रण मागितलं. ते पुसलं गेलं होतं.

का पुसलं? हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला 2 मेगाबिट या वेगाने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण 21.6 जीबी जागा खातो. आमचे आठ कॅमेरे, म्हणजे दिवसाला 173 जीबीच्या आसपास. हार्डडिस्क 2 टीबीची. साडेअकरा दिवसांत ती भरते आणि यंत्र सगळ्यात जुन्या चित्रणावर नवं लिहायला लागतं. अकरा लोक पाहू शकत होते, पण पेनड्राइव्हवर मूळ फाइल काढून ठेवायची कुणाची जबाबदारी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही. वर डीव्हीआरचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याशी वेळ जुळेना.

इथे कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आमचे खजिनदार म्हणतात, "व्हिडिओ आहे ना, मग झालं." तसं नसतं. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, याचा पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. 14 जुलै 2020 ला न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ यंत्रच समोर आणलं तर गोष्ट वेगळी, पण प्रत द्यायची असेल तर तिच्यासोबत प्रमाणपत्र हवंच. आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये ही अट आहे, आणि प्रमाणपत्रावर फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिच्या बोटांचा ठसाच, लिहावी लागते. ते देतं कोण? ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो, आणि सोबत एक तज्ज्ञ. आता आमच्याकडे अकरा जण admin आहेत. admin म्हणजे नुसतं पाहणं नाही. घड्याळ बदलणं, रेकॉर्डिंग बंद करणं, हार्डडिस्क कोरी करणं, सगळं त्या एका लॉगिनमध्ये येतं. उद्या आरोपीच्या वकिलाने विचारलं, "यात छेडछाड झाली नाही हे तुम्ही कशावरून सांगता?" तर सेक्रेटरी काय उत्तर देणार?

बाहेरच्या माणसाचा धोका वेगळाच. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं तपासणी खोलीतलं चित्रण इंटरनेटवर विकायला आल्याचं उघड झालं. पकडलेल्यांमध्ये आपल्या लातूर आणि सांगलीचे तरुण होते. 2016 साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याच्याकडे फार मोठी विद्या नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, त्या तो एकेक करून लावून पाहायचा. इमारतीचं नाव आणि 123 हे त्याहून फार अवघड नाही.

समितीचं म्हणणंही मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल. अध्यक्ष म्हणाले, "आम्ही फुकट राबतो, आणि तुम्ही आमच्यावर अविश्वास दाखवता?" काका, अविश्वास नाही. सोसायटीचा चेक तुम्ही एकट्याच्या सहीने काढता का? नाही. म्हणून तुम्ही चोर ठरत नाही. चेकला जी शिस्त आहे तीच शिस्त कॅमेऱ्याला लावा, एवढंच म्हणतोय.

दुसरा युक्तिवाद असा की कॅमेरा सामायिक जागेवर आहे, घरात नाही, मग खासगीपण कसलं? रोमानियात एका अपार्टमेंटमध्ये नेमका हाच वाद झाला. इमारतीत चोऱ्या झाल्या, लिफ्टची मोडतोड झाली, म्हणून दर्शनी भाग, तळमजला आणि लिफ्ट इथे कॅमेरे लावले. एका फ्लॅटमालकाने हरकत घेतली. डिसेंबर 2019 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की रहिवाशाची संमती नसली तरी सुरक्षेसाठी कॅमेरा लावता येतो, पण गरज खरी हवी, आणि चित्रण त्या गरजेपुरतंच हवं. मला हे पटतं. मी कॅमेरा काढा म्हणत नाहीये. गरजेपुरता पाहा म्हणतोय. आपल्या 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात घरगुती वापराला सूट आहे, पण ती व्यक्तीला आहे. सोसायटी ही व्यक्ती नव्हे, नोंदणीकृत संस्था आहे. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतील. तोवर वेळ आहे, घर आवरून घ्या.

म्हणून ही नोटीस मागे घ्या आणि तिच्या जागी ही लावा. मसुदा मी लेखी दिलाय:

1. मोबाईलवर थेट चित्रण फक्त सेक्रेटरी आणि समितीने ठरावाने नेमलेला आणखी एक सदस्य पाहील. दोघांची लॉगिन वेगळी, नावासकट. त्यांना पाहण्याचा हक्क, पुसण्याचा नाही.

2. admin चा पासवर्ड नवा करून बंद पाकिटात, सहीनिशी, सोसायटीच्या कपाटात. पाकीट उघडलं की नोंद, आणि पुन्हा नवा पासवर्ड.

3. वॉचमनला गेटवरच्या मॉनिटरवर थेट चित्र. सुपरवायझरच्या मोबाईलवर काही नाही. तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याच्यापुरतं लॉगिन, काम संपलं की बंद.

4. मागचं चित्रण पाहायचं असेल तर कुणीही, सभासद असो वा भाडेकरू, लेखी अर्ज करेल. ऑफिसमध्ये दोघांसमोर पाहायचं, रजिस्टरमध्ये नाव, वेळ, कारण. मोबाईलने टिपायचं नाही.

5. घटना कळल्यापासून 48 तासांत मूळ फाइल काढून ठेवणं ही सेक्रेटरींची जबाबदारी. दर महिन्याला घड्याळ तपासणे.

6. समिती बदलली की सगळी लॉगिन बदलतील.

शेवटच्या कलमाबद्दल एक सावधगिरी. नुसता पासवर्ड बदलून काम संपलं असं समजू नका. काही अ‍ॅपमध्ये कॅमेरा एका मोबाईल नंबरच्या खात्याला बांधलेला असतो आणि तिथून इतरांना वाटलेला असतो. अशा वेळी डीव्हीआरचा पासवर्ड बदलला तरी जुने लोक पाहत राहू शकतात. कॅमेरा कुणाच्या खात्याला बांधलाय ते आधी शोधा. आमच्याकडे शोधलं, तर तो तीन वर्षांपूर्वी फ्लॅट विकून मीरा रोडला गेलेल्या माजी सेक्रेटरींच्या नंबरला बांधलेला निघाला. त्या बिचाऱ्यांनाही माहीत नव्हतं. म्हणजे नोटिशीतले अकरा खरे बारा होते.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मी लेखी दिलाय. तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी भाडेकरू आहे, तिला सभेत मत नाही. मला आहे, म्हणून मी बोलणार. तुमच्याही बोर्डावर अशी नोटीस असेल तर आज रात्री सेक्रेटरींना एकच प्रश्न विचारा: लॉगिन किती, आणि कुणाच्या नावाने? उत्तर "एकच आहे, सगळे वापरतो" असं आलं, तर खाली कमेंटमध्ये लिहा. मसुदा पाठवतो.