एअर इंडिया विकली, कलम १२ चे छत्रही गेले

एअर इंडियाच्या काही कर्मचाऱ्यांनी बढती व वेतनाच्या तक्रारींवर २०११ ते २०१३ दरम्यान मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केल्या. तेव्हा कंपनी सरकारी होती, म्हणजे संविधानाच्या कलम १२ नुसार ‘राज्य’ होती. निकाल लागण्याआधीच, जानेवारी २०२२ मध्ये, ती टाटा समूहाकडे गेली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनी आता ‘राज्य’ नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध या याचिका चालणार नाहीत. दाखल केल्या तेव्हाची स्थिती कामी आली नाही.

कसोटी २००२ च्या प्रदीपकुमार बिस्वास खटल्यातली आहे: संस्थेचा पैसा, कामकाज आणि प्रशासन यांवर सरकारची खोलवर पकड हवी. नुसते सरकारी नियमन पुरेसे नाही. म्हणूनच २००५ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ ‘राज्य’ ठरले नाही.

आपल्या समाजासाठी खरा प्रश्न नोकऱ्यांचा आहे. कलम १६(४) चे आरक्षण राज्याच्या सेवेपुरतेच आहे. कंपनी विकली की नव्या भरतीत ते मागता येत नाही. कलम १७ मात्र खासगी मालकालाही बांधते. अस्पृश्यता पाळणारा कोणीही असो, तो गुन्हेगारच.