पाच चेहरे आणि एक ‘बरं’

नांदेड किंवा लातूरच्या बाजारपेठेत एखादे काम उरकून बाहेर पडताना आपल्यासमोर कधी एक पडदा येतो, तर कधी मोबाइलवर दुवा येतो. त्यावर रडव्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे ओळीने मांडलेले असतात आणि त्यांतील एक निवडायचा असतो. या पद्धतीमागे एक गृहीतक आहे: शब्दांना भाषा लागते, चेहऱ्याला लागत नाही. म्हणून अल्पशिक्षित माणसालाही ती सोयीची, असे मानले जाते. माझ्या मते हे गृहीतक चिन्हविज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही.

चार्ल्स पर्स यांनी साम्यावर आधारलेले चिन्ह आणि रूढीने अर्थ मिळालेले चिन्ह यांत भेद केला. पिवळ्या वर्तुळातील वक्र रेषा हसऱ्या तोंडासारखी दिसते, इथवर साम्य आहे. पण ‘हसरे तोंड म्हणजे सेवा उत्तम’ ही रूढी आहे आणि रूढी शिकावी लागते. शिवाय हा चेहरा नक्की कोणाचा, हे चित्र सांगत नाही.

एक प्रसंग कल्पून पाहू. औसा तालुक्यातील एक बाई नवऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लातूरच्या रुग्णालयातून घरी निघाली आहे. डॉक्टरांनी उपचार चांगले केले, पण सुटीच्या कागदांसाठी तीन तास ताटकळावे लागले. नवऱ्याला अजून वेदना आहेत. तिने कोणता चेहरा दाबावा? स्वतःच्या मनःस्थितीचा म्हटला तर रडवा, उपचारांचा म्हटला तर हसरा, कागद देणाऱ्या कर्मचाऱ्याचा म्हटला तर आठ्या घातलेला. तिने मधला दाबला, तर या तीन उत्तरांपैकी एकही आपल्या हाती लागत नाही.

वैद्यकशास्त्राला हा घोटाळा पूर्वीच जाणवला आहे. मुलांची वेदना मोजण्यासाठी १९८० च्या दशकात अमेरिकेत वाँग-बेकर चेहरामापिका तयार झाली. तिच्या एका टोकाला हसरा चेहरा आहे, दुसऱ्या टोकाला अश्रू आहेत. आक्षेप असा निघाला की, वेदना नसलेले पण घाबरलेले मूल हसरा चेहरा कसा निवडेल? २००१ मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मापिकेत म्हणूनच हसू आणि अश्रू दोन्ही ठेवलेले नाहीत. ग्राहकांच्या अर्जांनी मात्र ते दोन्ही कायम ठेवले.

आता मधला चेहरा पाहा. त्याचे तोंड सरळ रेषेत असते. ना हसू, ना राग. आपल्याकडे ‘कसं झालं काम?’ या प्रश्नाला ‘बरं हाय की’ असे उत्तर येते, तेव्हा बोलणारा बहुधा समाधानी असतो. तोच ‘बरं’ सुस्कारा टाकून उच्चारला, तर तक्रार होते. आवाजाचा हेल काढून घेतला की उरते ती सरळ रेषा, आणि तिचे रूपांतर पाचपैकी तीन गुणांत होते. मुख्यालयातील तक्त्यात तीन म्हणजे ‘सुधारणेस वाव’. शिवाय दहा जणांनी मधला चेहरा दाबला काय, किंवा पाच जणांनी पहिला आणि पाच जणांनी शेवटचा दाबला काय, सरासरी तीनच येते.

चेहरा वाचण्याची सवयही सर्वत्र सारखी नसते. २००७ मध्ये युकी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भावना ओळखताना जपानी व्यक्ती डोळ्यांकडे, तर अमेरिकी व्यक्ती तोंडाकडे अधिक लक्ष देताना आढळल्या. मराठीत आपण तोंड वाकडे करतो हे खरे, पण नाकही मुरडतो, डोळे वटारतो, कपाळाला आठ्या घालतो. अर्जातील चेहऱ्यांना बहुधा नाक नसते आणि कपाळ कोरे असते. (आपली निम्मी नापसंती तिथेच गळून पडते!) त्यातच समोर कर्मचारी बसलेला असेल, तर त्याच्या देखत रडवा चेहरा दाबणे अनेकांना अवघड वाटते, तो संकोच हसऱ्या खात्यात जमा होतो.

दृष्टिबाधितांची अडचण वेगळी आहे. पडदावाचक प्रणाली चित्र पाहत नाही, त्यासोबत लिहिलेला मजकूर उच्चारते. मजकूर नसेल, तर पाच वेळा नुसते ‘बटण’ ऐकू येते. इमोजीचे अक्षरचिन्ह वापरले असेल, तर त्याचे नाव वाचले जाते; `U+1F642` चे युनिकोडमधील नाव ‘स्लाइटली स्मायलिंग फेस’ असे आहे. त्यातून चेहरा कळतो, पण तो पाचांपैकी कितवा, हे कळत नाही. आणि चेहऱ्यांतील फरक मुख्यतः लाल-हिरव्या रंगावर ठेवला असेल, तर त्या दोन रंगांत गल्लत होणाऱ्यांना तो नीट दिसत नाही.

चेहरे काढूनच टाकावेत, असे मी म्हणणार नाही. प्रत्येक चेहऱ्याखाली ‘काम झाले, पण फार वेळ लागला’ असे छोटे मराठी वाक्य असावे आणि उपचार, वेळ, वागणूक यांचे प्रश्न वेगळे असावेत. केंद्र सरकारच्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मेरा अस्पताल’ या व्यवस्थेत लघुसंदेशाबरोबर रुग्णाला दूरध्वनी करूनही अभिप्राय घेण्याची सोय ठेवली गेली. वाचता न येणाऱ्याला किंवा दिसत नसलेल्याला असा प्रश्न कानावर येणे अधिक उपयोगी आहे. कर्णबधिर व्यक्तीसाठी मात्र लिहिलेले वाक्यच हवे.