क्यूआर फुकट, मग माझे १४७ रुपये ५० पैसे गेले कुठं?

राजूरच्या समस्त दुकानदार भावांनो, जरा गल्ल्यावर बसल्या बसल्या वाचा.

माझं छोटं किराणा दुकान आहे. मागच्या महिन्यात एका शनिवारी क्यूआरवर ६,८४० रुपये जमा झाले. स्पीकर दिवसभर ओरडत होता, "पैसे प्राप्त झाले". संध्याकाळी वणीच्या ठोकवाल्याला पैसे द्यायचे होते. खातं पाहिलं तर शनिवारच्या धंद्याचा एक रुपया नाही. रविवारी पैसे आले, तेही ६,६९२ रुपये ५० पैसे. विचारलं तर उत्तर मिळालं, स्पीकरचं भाडं १२५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. बसवून देणारा पोरगा मात्र म्हणाला होता, "काका, एक रुपया लागत नाही."

तो अर्धं खरं बोलला, आणि माझं भांडण त्या अर्ध्याशीच आहे.

१ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं कमिशन, घेता येत नाही. गिऱ्हाइकानं बँक खात्यातून २० रुपये दिले की २० च मिळायला पाहिजेत. त्या बदल्यात सरकार बँकांना प्रोत्साहन रक्कम देते. २०२४-२५ साठी केंद्रानं १,५०० कोटींची योजना मंजूर केली. छोट्या दुकानदाराच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के. म्हणजे १०० रुपयांच्या विक्रीवर १५ पैसे, तेही बँका आणि कंपन्यांमध्ये वाटले जाणार. एवढ्यात त्यांचं भागत नाही. म्हणून समोरचं दार बंद झाल्यावर मागचं उघडलं: स्पीकरचं भाडं, आणि "आत्ताच पैसे घ्या" या बटणाचा चार्ज.

आता उशीर काऊन होतो, ते समजून घ्या. क्यूआर दोन प्रकारचे असतात. पहिल्यात कोड थेट तुमच्या बँक खात्याशी जोडलेला असतो, गिऱ्हाइकानं पिन टाकला की काही सेकंदांत पैसे खात्यात. दुसऱ्यात पैसे आधी मधल्या कंपनीच्या एस्क्रो खात्यात जातात, तिथं दिवसभराचा गठ्ठा बांधला जातो आणि साधारण दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे येतो. यालाच सेटलमेंट म्हणतात. स्पीकर ओरडला म्हणजे गिऱ्हाइकानं पैसे दिले एवढंच. तुमच्या खात्यात पडले असं नाही.

आपला कोणता, हे ओळखणं सोपं आहे. घरच्या कोणाच्या फोनवरून एक रुपया टाका आणि बँकेचं स्टेटमेंट पाहा. लगेच त्याच्या नावानं एक रुपया दिसला तर थेट क्यूआर. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या नावानं एकच मोठी रक्कम आली तर गठ्ठा. आणि कपात लपते ती या गठ्ठ्यातच. साठ गिऱ्हाइकांची बेरीज कोण करतं? ॲपमधला दिवसाचा एकूण आकडा आणि बँकेत आलेला आकडा महिनाभर वहीत शेजारी शेजारी लिहा. मी लिहिला, म्हणून सापडलं. काहींचं भाडं थेट खात्यातून ऑटोपेनं कटतं. ती परवानगी यूपीआय ॲपच्या ऑटोपे भागात दिसते आणि तिथूनच बंद करता येते. पण आधी करार वाचा, नाहीतर थकबाकी दाखवतील.

काही जण म्हणतील, मशीनला, सिमला खर्च येतो, कंपनीनं कमवू नये का? कमवावं ना! खोटा स्क्रीनशॉट दाखवून पळणाऱ्यांपासून स्पीकरच आपल्याला वाचवतो. पण वर्षाचे १,७७० रुपये होतात. पारले बिस्किटाच्या पुड्यावर सुटणाऱ्या पैशात ते भरून काढायला किती पुडे विकावे लागतात, ते आपल्यालाच माहीत. भाडं घ्या, पण बसवतानाच मराठीत, एका कागदावर लिहून द्या: भाडं किती, पैसे कधी येणार, लवकर पाहिजे असतील तर किती कटणार, मशीन परत केल्यावर काय. "फुकट" म्हणून सही घ्यायची आणि मग गठ्ठ्यातून कापायचं, याला धंदा नाही म्हणत.

तोवर आपण काय करायचं? आधी आपल्या बँकेत जाऊन थेट खात्याचा क्यूआर मागा, आणि स्पीकरचं भाडं तिथंही विचारा. कपात चुकीची वाटली तर कंपनीकडे लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. फी लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८.

मी लेखी तक्रार टाकली आहे. तुमच्या वहीत फरक निघाला तर कॉमेंटमध्ये फक्त आकडा लिहा. एका दुकानाचे १४७ रुपये कोणी मोजत नाही, सगळ्या राजूरचे मोजावे लागतील.