सही रे सही, पण केबी नाही!

ऑफिसात जॉइन झाल्यावर आयडी कार्डासोबत एक पद गपचूप पदरात पडतं: खानदानाचा कॉम्प्युटरवाला. तुम्ही अकाउंट्समध्ये असा नाहीतर एचआरमध्ये, गावच्या लेखी तुम्ही कॉम्प्युटरवालेच! मग बँकेच्या भरतीची शेवटची तारीख आली, की मालवणहून मावसबहिणीचा फोन ठरलेला. ‘दादा, फोटो गेलो, पण सही काय जाईना!’

तिने सगळं नीट केलेलं असतं. पांढरा कागद, काळी शाई, मोबाइलवर फोटो. फाइल मोठी होती म्हणून भरडावरच्या सायबरवाल्याकडून लहानही करून घेतली. तरी स्क्रीनवर लाल अक्षरं. आणि बाहेर पाऊस, लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

आता गंमत बघा. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलंय, की फाइल रिजेक्ट होते म्हणजे ती मोठी असणार. म्हणून आपण ती अजून लहान करतो, मग अजून लहान. आणि सहीच्या बाबतीत नेमकं उलटं असतं, बॉस. बहुतेक वेळा ती लहान पडलेली असते!

बँकांच्या भरतीची परीक्षा घेणाऱ्या, मुंबईत कांदिवलीला मुख्यालय असलेल्या आयबीपीएसच्या सूचना काढा. (ही फक्त बँकवाल्यांची गोष्ट नाही हं. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांच्या भरतीचे अर्जही आयबीपीएसमार्फतच घेतले गेले, त्यात आपली सिंधुदुर्गही होती.) तिथे फोटोसाठी २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी लिहिलेलं असतं. सहीसाठी १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. आपण ‘५०’ आणि ‘२०’ वाचतो, त्याआधीचे ‘२०’ आणि ‘१०’ नजरेतून सुटतात. अट वरूनही आहे आणि खालूनही.

आता जरा हिशोब करू. १४० गुणिले ६० म्हणजे ८,४०० ठिपके. एका रंगीत ठिपक्याला तीन बाइट धरले, तर काहीही न दाबता हे चित्र साधारण २५ केबीचं. जेपीईजीचं कामच मुळी दाबण्याचं. जिथे चित्रात फारसं काही घडत नाही, तिथे ती सगळ्यात जास्त दाबते. आणि सहीत काय असतं? चार काळ्या रेघा आणि बाकी कोरा कागद! त्यामुळे अगदी सांगितलेल्या मापाची सही बहुधा तीन-चार केबीची होते. म्हणजे सूचना तंतोतंत पाळणाराच दाराबाहेर राहतो.

सुटका त्याच सूचनांमध्ये आहे. पिक्सेलच्या मापापुढे ‘preferred’ असा शब्द असतो, म्हणजे ते माप पसंतीचं, सक्तीचं नव्हे. केबीची अट मात्र सक्तीची. तेव्हा प्रमाण सात बाय तीनच ठेवा आणि माप वाढवा. १४० बाय ६० ऐवजी तिप्पट, म्हणजे ४२० बाय १८०. ठिपके नऊपट होतात आणि फाइल दहा-पंधरा केबीच्या घरात येते.

फोनवर बहिणीला सांगायचं ते असं. मोबाइलमधला मूळ फोटो घे. तो दोन-तीन एमबीचा असेल, असू दे. विंडोजच्या पेंटमध्ये उघड, सहीच्या जवळून काप, रुंदी उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त ठेव. मग Resize मध्ये जाऊन Pixels निवड, Maintain aspect ratio चालू ठेव आणि रुंदीत ४२० टाक. उंची आपोआप १८० च्या आसपास येईल. Save as मध्ये JPEG. दहाच्या खाली राहिली तर रुंदी ४९० कर, विसाच्या वर गेली तर ३५०. कागदाचा पोत आणि शाईची जाडी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे एखाददुसरी खेप लागते. मात्र प्रत्येक खेप मूळ फोटोपासून करायची. आधीच बारीक केलेली सही ताणून मोठी केली, तर रेघा धुरकट होतात आणि धुरकट चित्राचे केबीही वाढता वाढत नाहीत.

काही पोर्टलवर ‘preferred’ वगैरे लाड नसतात, पिक्सेलही अगदी तेवढेच हवे असतात. तिथे पेंट कामाचं नाही, कारण त्यात दर्जा कमी-जास्त करायची सोय नाही. इरफानव्ह्यूसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह करताना दर्जाची पट्टी येते, ती शंभरकडे सरकवा. माप तेच राहतं, फाइल कमी दाबली जाते आणि केबी वाढतात.

तरीही लाल अक्षरं? मग दोन गोष्टी बघायच्या. पहिली, फाइलवर राइट क्लिक करून Properties. तिथे दोन आकडे दिसतात, Size आणि Size on disk. दुसरा आकडा म्हणजे फाइलने डिस्कवर अडवलेली जागा, जी सहसा चार-चार केबींच्या कप्प्यांत मोजली जाते. समजा सही ९.६ केबीची आहे, तर खाली १२ केबी दिसेल. बहीण म्हणणार, ‘बारा तर आसा!’ पण पोर्टल वरचा आकडा मोजतं, आणि तो दहाला पोचलेलाच नाही.

दुसरी गोष्ट नावाची. २०१७ पासून आयफोन स्वतःहून फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात ठेवतो. कोणीतरी शहाणा Rename करून शेवटी .jpg लावून देतो. बरणीवर ‘साखर’ लिहून आतलं मीठ गोड होतं का? बरीच पोर्टल फाइलचे पहिले काही बाइट वाचून आतला माल ओळखतात. तुम्हीही ओळखू शकता. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. गिचमिडीत अगदी सुरुवातीला JFIF किंवा Exif दिसलं तर ती जेपीईजी, PNG दिसलं तर पीएनजी आणि ftypheic दिसलं तर आयफोनचा माल. अशा वेळी नाव बदलू नका. फाइल उघडून Save as करून खरोखर JPEG करा. किंवा फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये Formats खाली Most Compatible निवडून सही परत टिपा.

फोटोची भानगड तशी हळूहळू बाजूला होतेय. २०२४ मध्ये एसएससीने फोटोची फाइल घेणं सोडून कॅमेऱ्यासमोर तिथल्या तिथे फोटो काढायची पद्धत आणली. सही मात्र तेव्हाही फाइल म्हणूनच मागितली, तीही १० ते २० केबीचीच. तेव्हा ही विद्या इतक्यात वाया जात नाही.

हिरवी टिक आली म्हणून लगेच फोन ठेवू नका हं. सॉफ्टवेअर केबी मोजतं, सही वाचत नाही. आयबीपीएसला कॅपिटल अक्षरांतली सही चालत नाही, आणि परीक्षेच्या दिवशी केलेली सही अपलोड केलेल्या सहीशी जुळली नाही तर उमेदवार बाद होऊ शकतो. म्हणून प्रीव्ह्यूमध्ये सही मोठी करून बघायला सांगा. रेघा सलग हव्यात, मागे राखाडी सावली नको, शेपूट कापलेलं नको. आणि बहिणीला एक प्रश्न विचारा. ही रोजचीच सही आहे ना, की फॉर्मसाठी खास नटवलेली? नटवलेली असेल, तर कागद पुन्हा घ्यायला लावा. फी भरायच्या आधी.