इजहार आधी कोणी केला?

आम्ही उर्दू शाळेत नववी-दहावीला शिकवतो. खडकी बाजारातून येणाऱ्या मुलीच्या हातात एखादा मुलगा चिठ्ठी कोंबतो. चिठ्ठीत 'आय लव्ह यू' असते, आणि आठवडाभरात शाळा सुटते ती मुलीची. बोलला तो, सजा तिला. वर मोहल्ल्याचा फैसला तयार: तिनेच आधी इशारा केला असणार. बाई भावनेची कच्ची, तेव्हा इजहार तीच आधी करते, असे आमचे बुजुर्ग धरून चालतात.

हा समज एकट्या खडकीचा नाही. अमेरिकेतील जोशुआ अ‍ॅकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली या विषयावरचे संशोधन छापले. आधी कोण बोलते असे विचारल्यावर जवळजवळ दोनतृतीयांश लोक म्हणाले, बाई. मग स्वतःचा अनुभव विचारला, तर दहापैकी सहा जोड्यांत पुरुषच आधी बोललेला निघाला. २०२२ मध्ये सात देशांतील लोकांना पुन्हा विचारले गेले. फ्रान्स सोडता सहा देशांत तेच आढळले. हिंदुस्थान त्या सातांत नव्हता, म्हणून ते आकडे आम्ही इथे लादत नाही. पण मोहल्ल्याच्या फैसल्यामागे तर तेवढाही पुरावा नाही.

त्या संशोधनात आम्हाला अधिक मोलाची वाटली ती वेळेची गोष्ट. शरीरसंबंधाआधी हे शब्द ऐकण्याची खुशी पुरुषांना बायकांहून जास्त होती. संबंधानंतर ऐकताना मात्र बायकांची खुशी वाढलेली दिसली. कारण उघड आहे. आधी उच्चारलेला शब्द मागणीही असू शकतो. नंतरचा शब्द 'मी निघून जाणार नाही' असे सांगतो. खोट्या शब्दावर विश्वास ठेवण्याची किंमत बाईला जड पडते, गर्भ तिच्या पोटात राहतो. म्हणून ती आधीच्या शब्दाकडे संशयाने पाहते. चिठ्ठी घेऊन गप्प राहणारी मुलगी 'राजी' आहे असे समजणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आणि मजहबचे नाव घेऊन मुलीला बेहया ठरवणाऱ्यांना आमचा सवाल आहे. हजरत खदीजा यांनी निकाहचा पैगाम स्वतःहून पाठवला होता, हे तुम्ही मिलादच्या जलशात अभिमानाने सांगता ना? हनफी फिकहमध्ये निकाहच्या वेळी जो शब्द आधी उच्चारला जातो तो इजाब, मग तो पुरुषाचा असो वा बाईचा. उत्तरादाखल येतो तो कबूल. आधी बोलणाऱ्यावर तिथे कसलीही तोहमत नाही. उलट समोरच्याने कबूल करण्याआधी त्याला आपला शब्द मागे घेता येतो, आणि उत्तर न देता मजलिस उठली तर इजाब तिथेच रद्द होतो. गप्प राहिलेल्या माणसाच्या गळ्यात तो पडत नाही.

आमच्या वर्गातल्या मुलीने तर त्या चिठ्ठीला उत्तरही दिलेले नसते. तरी तिचा दाखला काढायला बाप दारात उभा असतो, आणि चिठ्ठी लिहिणारा मागच्या बाकावर हजेरी देतो.