आवर्ती ठेवीचा उतारा कसा वाचावा?

व्यापारी कुटुंबांत रोजमेळ रात्री मिळवल्याशिवाय दुकान बंद होत नाही. मात्र घरातील आवर्ती ठेवीचे पासबुक अनेकदा थेट मुदत संपतानाच उघडले जाते. त्या वेळी हाती येणारी रक्कम मनातील आकड्याशी जुळत नाही आणि खात्यात चूक झाल्याची शंका येते. पोस्टाच्या पाच वर्षे मुदतीच्या खात्याचे उदाहरण घेतल्यास ही शंका कोठून येते, हे स्पष्ट होते.

समजा, सांगलीतील एका कापड व्यापाऱ्याने मुलीच्या उच्च शिक्षणासाठी १० जानेवारी २०२४ रोजी दरमहा ५,००० रुपयांचे खाते उघडले. त्या वेळचा व्याजदर ६.७ टक्के होता. तिमाही चक्रवाढीने मिळणारा हा दर खाते उघडताना ठरतो आणि पूर्ण मुदतीसाठी कायम राहतो. खाते महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडल्यामुळे पुढील प्रत्येक हप्ता १५ तारखेपर्यंत भरावयाचा आहे. साठ हप्त्यांचे मुद्दल ३,००,००० रुपये होते.

व्यापारी मनातल्या मनात तीन लाखांवर ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांचे व्याज मोजतो आणि १,००,५०० रुपयांची अपेक्षा धरतो. प्रत्यक्षात मुदतपूर्तीस सुमारे ३,५६,८३० रुपये मिळतात, म्हणजे व्याज ५६,८३० रुपयांच्या आसपास. यात चूक काहीच नाही. तीन लाखांची पूर्ण रक्कम पाच वर्षे खात्यात नव्हतीच. पहिला हप्ता साठ महिने राहिला, दुसरा एकोणसाठ महिने, तर शेवटचा केवळ एक महिना. सरासरीने प्रत्येक हप्ता साडेतीस महिनेच व्याज मिळवतो. त्या हिशेबाने सरळ व्याज सुमारे ५१,०९० रुपये होते. उरलेले साडेपाच हजारांहून अधिक रुपये ही चक्रवाढीची भर होय.

आता चुकलेल्या महिन्याकडे वळू. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीच्या खरेदीच्या गडबडीत बाविसावा हप्ता राहून गेला. त्या वेळी खात्यात २१ हप्त्यांचे १,०५,००० रुपये जमा होते. १० नोव्हेंबरला दोन हप्ते एकत्र भरताना १०,००० ऐवजी १०,०५० रुपये द्यावे लागले. शंभर रुपयांमागे एक रुपया, या दराने ते ५० रुपये विलंब शुल्क होते. प्रथम थकलेला हप्ता शुल्कासह, मग चालू हप्ता, असा जमेचा क्रम असतो. शिल्लक मात्र १,१५,००० रुपयेच झाली. शुल्क हे खातेदाराचे मुद्दल नव्हे. म्हणून त्याची शिल्लकेत भर पडत नाही.

हे शुल्क दिसते तितके किरकोळ नाही. पाच हजारांवर एका महिन्याचे व्याज सुमारे २८ रुपये होते आणि एका महिन्याच्या विलंबाचे शुल्क ५० रुपये. म्हणजे दंडाचा दर वर्षाला १२ टक्के पडतो. थकलेले हप्ते चारवर पोहोचले तर खाते खंडित होते आणि दोन महिन्यांच्या आत थकबाकी भरून ते पुन्हा सुरू करून घ्यावे लागते. ही संधी दवडल्यास पुढील हप्ते स्वीकारले जात नाहीत.

उतारा तपासण्याची रीत सोपी आहे. शिल्लकेला हप्त्याच्या रकमेने भागावे. येणारी संख्या खाते उघडल्यापासून देय झालेल्या हप्त्यांइतकी हवी. वरील खात्यात १,१५,००० भागिले ५,००० म्हणजे २३, आणि जानेवारी २०२४ ते नोव्हेंबर २०२५ हे महिनेही २३. संख्या कमी आली तर एखादा हप्ता जमा झालेला नाही. अल्पबचत प्रतिनिधीमार्फत हप्ते भरणाऱ्यांनी हा पडताळा दर तिमाहीस घ्यावा. प्रतिनिधीच्या हाती रक्कम दिल्याची तारीख आणि पोस्टात ती जमा झाल्याची तारीख वेगळी असू शकते. हिशेबात धरली जाते ती दुसरी.

शेवटचा बारकावा मुदतपूर्तीच्या तारखेचा. साठावा हप्ता डिसेंबर २०२८ मध्ये भरला जाईल, परंतु खाते १० जानेवारी २०२९ रोजीच पूर्ण होईल. तीन वर्षांनंतर खाते मुदतीआधी बंद करता येते. पण एक दिवस आधी बंद केले तरी संपूर्ण काळासाठी बचत खात्याचा दर लागू होतो. तो ४ टक्के धरल्यास सरळ व्याज केवळ ३०,५०० रुपये होते. चक्रवाढ धरूनही वीस हजारांहून अधिक रुपये हातचे जातात. मुलीचे शुल्क जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरावयाचे असेल, तर त्या काही दिवसांपुरती हातउसनी रक्कम घ्यावी किंवा याच ठेवीवर पोस्टाचे कर्ज घ्यावे. खाते मोडणे सर्वांत महाग पडेल. पासबुकावर ही तारीख आजच लाल शाईने अधोरेखित करून ठेवावी.