परदेशी पाहुणे, देऊळ आणि बसमधली दहा मिनिटं

मंडळी, आज विषय थोडा वेगळा आहे. आपल्या वर्तकनगरमधली दोन-तीन पोरं हल्ली टूर गाईडचं काम करतात. मुंबईत उतरलेले परदेशी पाहुणे एका दिवसासाठी ठाण्याकडे, अंबरनाथकडे आणतात. त्यातल्या एकाने परवा मला त्याचं भाषण ऐकवलं. बसमध्ये माइक घेऊन पाहुण्यांना देवळाचे नियम सांगतात ते. पोरगा हुशार, इंग्रजी झकास. पण ऐकून मी त्याला म्हटलं, बाबा रे, यातलं निम्मं आपल्याकडचं नाहीच!

त्याने सगळं नेटवरून उचललं होतं. पुरुषांनी शर्ट काढावा लागतो, सगळ्यांनी डोकं झाकावं, चामड्याचा पट्टा बसमध्ये ठेवावा. आता शर्ट काढायची पद्धत केरळातल्या गुरुवायूरसारख्या देवळांची. डोकं झाकायचा नियम गुरुद्वाऱ्याचा. आपल्या बायका देवापुढे पदर घेतात, पण तो रिवाज झाला, दारावर कोणी अडवत नाही. आणि पट्ट्याचं म्हणाल तर आपल्या कोपिनेश्वराला रोज ऑफिसला जाणारी किती माणसं पट्टा घालूनच हात जोडून जातात. पाहुण्याला दहा नियम सांगितले आणि आत गेल्यावर त्यातले सहा कोणीच पाळत नाही असं त्याला दिसलं, की तो उरलेले चारही सोडून देतो. माझी तक्रार आहे ती इथे.

अंबरनाथचंच उदाहरण घेऊ. शिलाहारांच्या काळातलं, शके 982 म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेलं हे देऊळ. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तरी तिथे रोज पूजा होते. पाहुण्याचा घोळ नेमका इथेच होतो. पुस्तकात त्याने ‘स्मारक’ वाचलेलं असतं, म्हणून तो किल्ला बघायला आल्यासारखा येतो. बर्मुडा, बिनबाह्यांचा बनियन, पायात गुडघ्याखालपर्यंत नाड्या बांधलेले बूट. आणि समोर बघतो तर आजीबाई बेलाची परडी घेऊन ओल्या केसांनी उभ्या! त्याला पहिलं वाक्य हेच सांगायला हवं की हे देऊळ जुनं आहे, पण चालू आहे.

कपड्यांचं बसमध्ये सांगून उपयोग नाही. बॅग हॉटेलवर राहिलेली असते. ते आदल्या संध्याकाळी सांगायचं, आणि एका वाक्यात: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बाई असो की बुवा. बसमध्ये चार-पाच सुती पंचे आणि दोन-तीन ओढण्या ठेवायच्या. विसरलेल्याला कमरेला पंचा गुंडाळून देता येतो. हसू येतं खरं, पण फोटोत तोच सगळ्यात खुश असतो.

आता कोणी म्हणेल, हे नियम आले कुठून? आपल्याकडेही त्यावर एकमत नाही, हे पाहुण्याला सांगायला लाज कसली? मे 2023 मध्ये तुळजापूरच्या देवळात तोकड्या कपड्यांना बंदी म्हणून फलक लागले आणि ओरड झाल्यावर त्याच दिवशी उतरले. जानेवारी 2025 मध्ये प्रभादेवीच्या सिद्धिविनायक न्यासाने मात्र तोकडे आणि फाटके कपडे चालणार नाहीत असं जाहीर केलं. म्हणजे एकाच राज्यात दोन वर्षांत दोन तऱ्हा. म्हणून गाईडने जायच्या आदल्या दिवशी त्या देवळात फोन करून विचारावं. गेल्या वर्षीच्या पाठांतरावर जाऊ नये.

चपलांचं प्रकरण बसमध्ये सांगायचं, कारण ते हाताला लगेच करता येतं. नाड्यांचे बूट असतील तर सैल करून ठेवा. पंचवीस जणांच्या नाड्या दारात सुटायला आणि परत बांधायला पाव तास जातो, मागची रांग खोळंबते, मग कोणीतरी करवादतो. जिथे स्टँड असेल तिथे टोकन घ्या, चपला उंबऱ्यासमोर काढून ठेवू नका. बूट हातात घेऊन किंवा पिशवीत घालून आत न्यायचे नाहीत, हे वेगळं सांगावं लागतं. त्यांना वाटतं पायात नाही म्हणजे झालं.

मोज्यांबद्दल ते हमखास विचारतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मोज्यांना हरकत नसते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी काळा दगड इतका तापतो की मोजे असलेले बरे. पण अंबरनाथला गाभारा खाली आहे, वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. अभिषेकाच्या पाण्याने पायरी ओली असली की मोज्याने पाय सटकतो. तेव्हा अंगणात मोजे चालतील, पायऱ्यांशी काढा. हे नियम म्हणून नव्हे, हाड मोडू नये म्हणून. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत नेलं तर तापल्या दगडाचा प्रश्नच मिटतो.

आत गेल्यावर काय, ते अंगणात उभं राहून सांगायचं. उंबरठ्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. नंदी आणि पिंडीच्या मधे फोटोसाठी उभे राहू नका. शंकराची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं, ती रेघ न ओलांडता मागे फिरायचं आणि उलट बाजूने पुन्हा तिथपर्यंत येऊन परतायचं. बाहेरची शिल्पं बघायला कोणी गोल फिरला तर काही होत नाही. पण पुढची बाई अर्ध्यातून का वळली हे त्याला कळलेलं असलं, की तो तिला वाट देतो.

तीर्थाचं सगळ्यात नाजूक. पाहुण्याला पोटाची धास्ती असते आणि ती खोटी नाही. उजव्या हाताच्या ओंजळीत घ्या, प्यायचं नसेल तर डोळ्यांना लावून डोक्यावरून हात फिरवा, फक्त जमिनीवर टाकू नका. एवढं माहीत असलं की ना गुरुजी दुखावत, ना पाहुणा आजारी पडत. प्रसादाचंही तसंच. घ्या, खिशात ठेवा, बसमध्ये गाईडला द्या.

एक मात्र मी त्या पोराच्या भाषणातून काढायलाच लावलं. ‘पाळी असलेल्या बायकांनी बसमध्ये थांबावं’ असं तो माइकवर सांगणार होता. त्याच्या घरातली समजूत असेल, असू दे. पण वीस अनोळखी माणसांसमोर बाईला हे विचारणं हा कुठल्या देवळाचा शिष्टाचार आहे? दारावर कोणी विचारत नाही ते गाईडने विचारू नये. देवळाचा नियम, लोकांचा रिवाज आणि आपल्या घरचं वळण ह्या तीन गोष्टी आहेत. पाहुण्याला पहिली सांगणं भाग आहे, दुसरी सांगितली तर त्याला आवडते, तिसरी आपल्यापाशीच ठेवावी.

महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी ग्रुप नेऊच नका, असंही मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, काका, पण गर्दी बघायलाच तर येतात ते! त्यावर आमचं अजून मिटलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी त्या दिवसांत पाहुणे नेले असतील तर काय झालं ते खाली लिहा.